व्हिस्कॉसिटी नसेल तर लूपभोवतीचं सर्क्युलेशन का टिकतं, आणि मग पंखाभोवती ते येतं कुठून?

प्रश्न: केल्विनचा थिअरम म्हणतो की इनव्हिसिड फ्लोमध्ये मटेरियल लूपभोवतीचं सर्क्युलेशन बदलत नाही. पंख स्थिर असताना ते शून्य असतं, आणि लिफ्ट मिळतेय म्हणजे नंतर ते शून्य नसतं. मग थिअरम नेमका का खरा आहे आणि तो मोडतो कुठे?

उत्तर:

आधी थोडक्यात सांगतो. प्रेशरला बंद लूपभोवती नक्त ढकलता येत नाही म्हणून सर्क्युलेशन टिकतं, आणि लूप जिथून जातो तिथे व्हिस्कॉसिटी जोरात असेल, किंवा लूपवर डेन्सिटी फक्त प्रेशरवर अवलंबून नसेल, किंवा बाहेरचं बल कॉन्झर्व्हेटिव्ह नसेल, म्हणजे बंद फेरीवर त्याची बेरीज शून्य येत नसेल, तर ते टिकत नाही. पंखाच्या बाबतीत थिअरम मोठ्या लूपसाठी शेवटपर्यंत खराच राहतो, आपण नकळत लूप बदलतो आणि तिथे घोटाळा होतो. आता सविस्तर.

विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झाले ते, यांनी हे 1869 साली मांडलं. मटेरियल लूप म्हणजे काय हे मनात एकदम पक्कं बसवा कारण सगळं त्याच्यावर आहे. पाण्यातल्या ठरावीक कणांची एक बंद माळ निवडायची, आणि मग ते कण जातील तिथे माळही जाणार, ताणली जाणार, वाकडीतिकडी होणार, पण कण तेच. त्या माळेवरून फिरत प्रत्येक तुकड्यावर वेगाचा तुकड्याच्या दिशेतला भाग घ्यायचा, तुकड्याच्या लांबीने गुणायचा आणि बेरीज करायची, Γ = ∮ u·dl. एकक m²/s.

आता ही बेरीज वेळेनुसार दोनच कारणांनी बदलू शकते. एक, कणांचा वेग बदलतो, म्हणजे acceleration. दोन, वेग तोच राहिला तरी माळेचे तुकडे लांब होतात, वळतात. लोक सहसा पहिल्यावरच बोलतात आणि दुसरं एका ओळीत उडवून लावतात, पण मला ते दुसरं फार सुंदर वाटतं म्हणून थांबून बघू. तुकडा dl किती झपाट्याने बदलतो? त्याच्या दोन टोकांच्या कणांच्या वेगांत जितका फरक तितक्या, म्हणजे du. मग या कारणाने होणारा बदल झाला ∮ u·du, आणि u·du म्हणजे ½u² मधला बदल. लूपवर एक फेरी मारून जिथून निघालो तिथेच परत आलो, तिथला वेग तोच, त्यामुळे ½u² मधला एकूण बदल शून्य. यात कुठे व्हिस्कॉसिटी आली नाही, प्रेशर आलं नाही, डेन्सिटी आली नाही. फ्लो कसाही असो, टर्ब्युलंट असो, मध असो, लूपच्या ताणल्या जाण्याने सर्क्युलेशन बदलत नाही. हा भाग कधीच मोडत नाही, फक्त लूप मटेरियल पाहिजे.

राहिलं acceleration. न्यूटनच्या नियमाने प्रत्येक कणाचं acceleration म्हणजे त्याच्यावरचं प्रेशरचं बल भागिले डेन्सिटी, अधिक गुरुत्वाकर्षण, अधिक व्हिस्कॉसिटीचा भाग. लूपवर बेरीज केली की डेन्सिटी कॉन्स्टंट असलेल्या साध्या फ्लुइडसाठी हे मिळतं:

dΓ/dt = −∮ dp/ρ + ∮ g·dl + ν ∮ ∇²u·dl

इथे ν म्हणजे व्हिस्कॉसिटी भागिले डेन्सिटी. गुरुत्वाकर्षणाचा भाग शून्य, कारण उंचीचंही तसंच आहे, फेरी मारून त्याच उंचीवर परत आलो. प्रेशरच्या भागात ρ कॉन्स्टंट असेल तर तो बाहेर काढला आणि ∮ dp राहिलं, तेही शून्य. ρ कॉन्स्टंट नसेल पण फक्त p चं फंक्शन असेल (याला बॅरोट्रॉपिक म्हणतात) तरी dp/ρ हा p च्याच कुठल्यातरी फंक्शनमधला बदल होतो आणि फेरीवर शून्यच येतो. ν शून्य असेल तर तिसरा भाग गेला. संपला थिअरम.

याचा भौतिक अर्थ असा की प्रेशर लूपच्या एका भागात कणांना पुढे ढकलत असेल तर दुसऱ्या भागात तेवढंच मागे ढकलावंच लागतं, कारण प्रेशर प्रत्येक जागी एकच आकडा आहे आणि फेरी मारून आलं की तो आकडा परत तोच यायला हवा. प्रेशर कितीही मोठं असू दे, फ्लोच्या मधोमध कितीही गुंतागुंतीचं असू दे, लूपला फिरवायचं काम त्याच्याकडून होत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या जी पंखासाठी लागणार आहे. वरच्या हिशोबात सगळं फक्त लूपवर मोजलंय, लूपच्या आत काय आहे याच्याशी संबंध आलाच नाही. आत पंख असला तरी चालेल, आत बाउंडरी लेयर, म्हणजे भिंतीलगतचा व्हिस्कॉसिटीने मंदावलेला पातळ थर, आणि व्हिस्कस गोंधळ असला तरी चालेल. स्टोक्सचा थिअरम वापरून सर्क्युलेशनचं व्हॉर्टिसिटीत, म्हणजे फ्लुइडच्या जागोजागच्या फिरकीत, रूपांतर करायचं असेल तेव्हा आतला सगळा पृष्ठभाग फ्लुइडने भरलेला लागतो, केल्विनला तो लागत नाही. "आत व्हिस्कॉसिटी आहे म्हणून केल्विन लागू नाही" असं बऱ्याच उत्तरांत लिहिलेलं असतं, ते चूक आहे. लूप स्वतः स्वच्छ पाण्यातून जात असेल तर लागू आहे.

आता पंख. आकडे घेऊनच बघू म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. पाण्याच्या टाकीत एक पातळ पंख, कॉर्ड, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी, 10 सेंटीमीटर, 8 अंशांनी तिरका ठेवलेला, पाणी स्थिर, आणि पंख एकदम 0.5 m/s ने ओढायला सुरुवात केली. पाण्याची ν साधारण 10⁻⁶ m²/s, म्हणजे रेनॉल्ड्स नंबर 50,000. पातळ पंखाचा शेवटी स्थिरावणारा सर्क्युलेशन Γ = πUc sin α, म्हणजे π × 0.5 × 0.1 × 0.139, येतं 0.022 m²/s. लिफ्ट ρUΓ म्हणजे पंखाच्या प्रत्येक मीटर लांबीमागे साधारण 11 न्यूटन. (खऱ्या पंखाला या रेनॉल्ड्स नंबरवर थोडी कमी मिळेल, पण आपल्या मुद्द्याला हे पुरे.)

पंख हलायच्या आधी टाकीत एक मोठा लूप आखा, समजा दोन मीटर लांब आणि एक मीटर उंच, मधोमध पंख. सगळं पाणी स्थिर, Γ शून्य. पंख मग पुढे 60 सेंटीमीटर गेला, अजून लूपच्या आतच आहे आणि त्याचा बाउंडरी लेयर (मागच्या कडेपाशी साधारण दोन मिलिमीटर जाड) लूपच्या जवळपासही नाही. लूप थोडा वाकला असेल, पण त्याच्यावर व्हिस्कॉसिटी अक्षरशः काही करत नाहीये, तेव्हा Γ अजूनही शून्य. आणि तरी पंखाला लिफ्ट मिळतेय. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे कारण लूपच्या आत, पंख जिथून निघाला त्या जागेजवळ, एक भोवरा पडलेला आहे, त्याला स्टार्टिंग व्हॉर्टेक्स म्हणतात. त्याचं सर्क्युलेशन पंखाच्या सर्क्युलेशनएवढं आणि उलट दिशेचं. गटिंगेनला प्रांटल यांनी पाण्याच्या टाकीत असेच प्रयोग करून फोटो काढले होते आणि त्यात तो भोवरा स्वच्छ दिसतो. आपल्या आकड्यांत त्याच्या केंद्रापासून 5 सेंटीमीटरवर फिरण्याचा वेग Γ/2πr म्हणजे जवळजवळ 7 cm/s येतो पूर्ण ताकदीला पोचल्यावर, पाण्यात चमकणारी पावडर टाकली तर डोळ्यांनी सहज दिसेल इतका.

मग पंखाभोवतीचं सर्क्युलेशन मोजताना आपण काय करतो? त्या मोठ्या लूपला पंख आणि भोवरा यांच्यामध्ये एक उभी रेघ मारून दोन तुकडे करतो आणि फक्त पंखाचा तुकडा मोजतो. ती रेघ पंखाच्या मागे उरणाऱ्या ढवळलेल्या पाण्याच्या पट्ट्याला, म्हणजे वेकला, छेदते, आणि पाणी त्या रेघेतून सतत वाहून जातंय. म्हणजे हा लूप मटेरियल नाही, पंखाबरोबर चालणारी एक काल्पनिक चौकट आहे. केल्विनने या चौकटीबद्दल काहीच वचन दिलेलं नाही. थिअरम मोडला नाही, आपण लूप बदलला.

आणि या चौकटीचं सर्क्युलेशन कसं बदलतं हेही नेमकं सांगता येतं, हा भाग मला सगळ्यात आवडतो. पंखाबरोबर बसून बघा, पाणी डावीकडून उजवीकडे वाहतंय. पंखाच्या वरच्या बाउंडरी लेयरमध्ये वेग भिंतीवर शून्य आणि लेयरच्या बाहेर U_वर, आणि व्हॉर्टिसिटी म्हणजे मुख्यतः हाच वेगाचा उतार. रेघेतून दर सेकंदाला किती व्हॉर्टिसिटी वाहून जाते? u गुणिले du/dy ची लेयरच्या जाडीवर बेरीज, म्हणजे बरोबर ½U²_वर. लेयर जाड आहे का पातळ, आतला प्रोफाइल कसा आहे, ν किती आहे, काहीच येत नाही उत्तरात! खालच्या लेयरमधून तसंच ½U²_खाली, पण उलट चिन्हाने. म्हणजे पंखाभोवतीचं सर्क्युलेशन बदलण्याचा दर हा मागच्या कडेपाशी वरच्या आणि खालच्या बाजूंच्या ½U² मधला फरक.

सुरुवातीच्या क्षणी फ्लो शून्य सर्क्युलेशनचा असतो आणि तो खालच्या बाजूने येऊन टोकदार मागच्या कडेला वळसा घालून वर जायला बघतो. तिथे खालचा वेग जास्त, त्यामुळे खालच्या लेयरची, घड्याळाच्या उलट दिशेची व्हॉर्टिसिटी जास्त बाहेर पडते, ती गुंडाळून स्टार्टिंग व्हॉर्टेक्स होते आणि पंखाकडे तेवढंच घड्याळाच्या दिशेचं सर्क्युलेशन उरतं. ते वाढलं की मागच्या कडेवरचा वळसा कमी होतो, वर-खालचे वेग जवळ येतात, आणि ते सारखे झाले की नक्त व्हॉर्टिसिटी बाहेर जाणं थांबतं. व्हॉर्टिसिटी बाहेर जातच असते बरं का, फक्त वरची आणि खालची एकमेकींना पुसून टाकतात. हीच कुट्टा कंडिशन. पुस्तकात ती "फ्लो मागच्या कडेवरून गुळगुळीत सुटतो" अशी एखाद्या अटीसारखी दिलेली असते आणि विद्यार्थी ती पाठ करतात, पण ती अट नाही, तो हिशोब जुळल्यावरचा तोल आहे.

हा तोल लगेच येत नाही. एकदम सुरू केलेल्या पंखाचा हिशोब वॅग्नर यांनी 1925 साली केला, त्यात लिफ्ट सुरुवातीला शेवटच्या मूल्याच्या निम्मी असते आणि मग सावकाश चढते, कारण मागे पडलेला भोवरा अजून जवळ असतो आणि पंखावर खालच्या दिशेचा फ्लो आणत राहतो. तीन कॉर्ड अंतर गेल्यावर, म्हणजे आपल्या टाकीत 30 सेंटीमीटर आणि 0.6 सेकंदांनंतर, ती साधारण 80 टक्क्यांवर येते. टाकीत फोर्स मोजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलं नाही तर पहिल्या सेकंदाचे रीडिंग चुकीचे वाटतात आणि सेन्सरला दोष दिला जातो.

मग व्हिस्कॉसिटीचं काम काय? व्हॉर्टिसिटी पंखाच्या भिंतीवर तयार करणं, बस. ν खरोखर शून्य असती तर पाणी भिंतीवरून घसरत गेलं असतं, बाउंडरी लेयर झाला नसता, मागच्या कडेला अनंत वेगाने वळसा घालत फ्लो तसाच राहिला असता आणि लिफ्ट कायम शून्य. पण ν कितीही लहान असू दे, शून्य नसली की वरचा ½U² वाला हिशोब लागू होतो ज्यात ν येतच नाही. म्हणून ν शून्याकडे नेत गेलात तर शेवटचं Γ शून्याकडे जात नाही, ते πUc sin α पाशीच राहतं. "व्हिस्कॉसिटी नगण्य" आणि "व्हिस्कॉसिटी शून्य" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लिफ्ट हा त्यातल्या फरकाचा सरळ पुरावा आहे.

कोणी विचारेल की पंखाला अगदी चिकटून, एक सेंटीमीटर अंतरावरून लूप घेतला तर? घ्या. पंख पुढे सरकला की लूपचा पुढचा भाग पंखाच्या नाकावर येऊन आदळतो, तिथे दुभंगणाऱ्या फ्लोत तो exponential वेगाने पातळ होत भिंतीला चिकटत जातो, आणि थोड्याच वेळात बाउंडरी लेयरच्या आत जातो. मागचा भाग सुरुवातीच्या जागी भोवऱ्याभोवती राहतो. हा लूप आता व्हिस्कस भागातून जातोय, इथे थिअरम खरंच मोडतो. मोडतो तो ν मुळे, आणि जिथे लूप लेयरमध्ये शिरला नेमका तिथेच.

व्हिस्कॉसिटी लूपला किती वेळात गाठते याचा अंदाज असणं खूप उपयोगी आहे, नाहीतर माणसं "ν आहे ना, मग थिअरम निकामी" म्हणून मोकळी होतात. तोच स्टार्टिंग व्हॉर्टेक्स घ्या आणि तो एकटा, गोल, लॅमिनार आहे असं धरा. मग त्याच्याभोवती r त्रिज्येच्या लूपवर (फ्लो गोल असल्यामुळे हा लूप मटेरियलच आहे) नेमकं उत्तर माहीत आहे, त्याला लँब-ओसीन व्हॉर्टेक्स म्हणतात:

Γ(r,t) = Γ₀ [1 − exp(−r²/4νt)]

r = 5 सेंटीमीटर घाला. r²/4ν येतं 625 सेकंद. एका मिनिटानंतर सर्क्युलेशनमधली घट टक्क्याच्या हजाराव्या हिश्शात आहे, मोजताच येणार नाही. एक टक्का घट व्हायला सव्वादोन मिनिटं लागतात. 625 सेकंदांना, म्हणजे दहा मिनिटांच्या थोडं पुढे, 63 टक्के उरलेलं असतं. आता r एक सेंटीमीटर घ्या, तर 625 च्या जागी 25 सेकंद. म्हणजे प्रश्न "ν आहे का नाही" असा कधीच नसतो, तो "√(4νt) लूपपर्यंत पोचलं का" असा असतो. पोचेपर्यंत केल्विन इतक्या चांगल्या अचूकतेने खरा असतो की शंका घ्यायला जागा नाही, आणि पोचल्यावर तो हळूहळू नाही, बऱ्यापैकी पटकन ढासळतो. फ्लो टर्ब्युलंट असेल तर मात्र मिसळणं या हिशोबापेक्षा खूप आधी लूपपर्यंत येतं, तिथे हे आकडे वापरू नका.

अजून एक, व्हिस्कॉसिटी इथे सर्क्युलेशन नष्ट करत नाहीये, व्हॉर्टिसिटी लूपच्या बाहेर पसरवतेय. खूप मोठ्या लूपवर Γ₀ तसंच आहे. खरोखर नाहीसं व्हायला उलट चिन्हाची व्हॉर्टिसिटी येऊन मिळावी लागते किंवा भिंत लागते.

आता दुसरी जागा जिथे थिअरम मोडतो, आणि इथे व्हिस्कॉसिटीचा काही संबंध नाही. ∮ dp/ρ आठवा. ρ फक्त p वर अवलंबून नसेल, तापमानावरही असेल, तर ही बेरीज शून्य येत नाही. एकाच प्रेशरच्या फरकाने हलकी हवा जास्त ढकलली जाते आणि जड हवा कमी, मग फेरीचा हिशोब जुळत नाही. हे सर्क्युलेशनच्या भाषेत मांडलं ब्यर्कनेस यांनी, 1898 साली, आणि हवामानशास्त्रात ते आजही रोज वापरलं जातं.

समुद्राच्या वाऱ्यावर करून बघू. दुपारी जमीन तापली, जमिनीवरची हवा समुद्रावरच्या हवेपेक्षा सरासरी 5 अंशांनी गरम. लूप असा: समुद्राकडून जमिनीकडे 1000 hPa च्या पातळीवरून 30 किलोमीटर, मग जमिनीवर वर 900 hPa पर्यंत (सुमारे 0.9 किलोमीटर), वरून परत समुद्राकडे, आणि खाली. आडव्या दोन बाजूंवर प्रेशर बदलतच नाही, तिथे dp शून्य. उभ्या दोन बाजूंवर आदर्श वायूचा नियम वापरून 1/ρ च्या जागी RT/p घातलं की उरतं:

dΓ/dt = R ln(1000/900) × ΔT = 287 × 0.105 × 5 ≈ 151 m²/s²

लूपची लांबी सुमारे 62 किलोमीटर. भागलं की लूपवरचं सरासरी acceleration 0.0024 m/s². दिसायला चिल्लर आकडा, पण तासाभरात 8.8 m/s होतो. स्थिर हवेतून, कुठल्याही भिंतीशिवाय, ν शिवाय, एका तासात दणदणीत वारा. प्रत्यक्षात वारा सहसा याच्यापेक्षा कमी असतो कारण जमिनीचं घर्षण आहे आणि मुख्य म्हणजे तो वारा स्वतःच थंड हवा जमिनीवर आणून ΔT कमी करतो. हिशोबात ΔT कॉन्स्टंट धरून चार-पाच तास पुढे गेलात तर वादळाचे आकडे येतील, तेव्हा समजायचं की लूपसुद्धा आता सरकलाय आणि त्याच्यावरची तापमानं बदलली आहेत, नवीन घ्यायला हवीत. हाय-स्पीड फ्लोमध्ये वक्र शॉकमागेही हेच घडतं, वेगवेगळ्या जागी शॉक पार केलेल्या हवेची एन्ट्रॉपी वेगवेगळी, म्हणून ρ आणि p चं नातं एक राहत नाही.

तिसरं कारण पटकन सांगतो. फिरत्या फ्रेममध्ये, म्हणजे पृथ्वीवर बसून मोजताना, कोरिओलिस बल कॉन्झर्व्हेटिव्ह नाही, त्यामुळे तिथे मोजलेलं Γ टिकत नाही. टिकतं ते Γ + 2ΩA, A म्हणजे लूपचं Ω ला लंब असलेल्या प्रतलावरचं क्षेत्रफळ. यात काही मोडलं नाही खरं तर, स्थिर फ्रेममधून मोजलं की जुनाच थिअरम परत मिळतो. लॉरेंट्झ बलाचं तसं नाही, विद्युतवाहक द्रवात ते खरोखर सर्क्युलेशन तयार करतं.

शेवटी सिम्युलेशन करणाऱ्यांसाठी, कारण हा प्रश्न बहुतेक वेळा तिथूनच येतो. तुमचा सॉल्व्हर केल्विन पाळतो का हे तपासायचा सोपा मार्ग म्हणजे लूपवर मार्कर कण सोडायचे, फ्लोबरोबर वाहू द्यायचे आणि ठरावीक अंतराने Γ काढायचं:

```python
import numpy as np

def gamma(x, y, u, v):
    dx = np.roll(x, -1) - x
    dy = np.roll(y, -1) - y
    um = 0.5*(u + np.roll(u, -1))
    vm = 0.5*(v + np.roll(v, -1))
    return np.sum(um*dx + vm*dy)
```

लूप ताणला की मार्कर विरळ होतात आणि बेरीज बिघडते, त्यामुळे दोन शेजारच्या मार्करमधलं अंतर ग्रिडच्या एका सेलपेक्षा वाढलं की मध्ये नवीन मार्कर घाला. हे केलं नाही तर Γ उड्या मारायला लागतं आणि लोक भौतिकशास्त्रात कारण शोधत बसतात. मार्कर दाट करूनही Γ सरकत असेल तर ग्रिडच्या सेलचा आकार निम्मा करा. सरकणं लक्षणीय कमी झालं तर ती न्यूमेरिकल डिफ्यूजन होती. ग्रिड बारीक करूनही तेवढंच राहिलं तर ते खरं आहे, मग लूपवर ∮ dp/ρ आणि ν ∮ ∇²u·dl वेगवेगळे काढा, दोघांपैकी दोषी कोण ते लगेच दिसतं.

आणि ऑयलर सॉल्व्हर, म्हणजे ν शून्य धरून सोडवणारा, पंखाला बरोबर लिफ्ट देतो तेव्हा "व्हिस्कॉसिटी नसतानाही लिफ्ट आली" असा निष्कर्ष काढू नका. टोकदार मागच्या कडेवरचा वळसा ग्रिडला पेलवत नाही, स्कीममधली न्यूमेरिकल डिसिपेशन तिथे व्हॉर्टिसिटी सोडते आणि कुट्टा कंडिशन आपोआप पाळली जाते. टोकदार कडेला उत्तर ν वर अवलंबून नसल्यामुळे खोट्या व्हिस्कॉसिटीनेही उत्तर बरोबर येतं. पटत नसेल तर पंखाऐवजी गुळगुळीत इलिप्स तिरका ठेवून तोच सॉल्व्हर चालवा, मग ग्रिड आणि स्कीम बदलली की लिफ्टही बदलते.